क्रॉसहेडचं रीडिंग की एक्स्टेन्सोमीटर? स्ट्रेस-स्ट्रेन आलेखासाठी काय वापरावं

टेन्साइल टेस्टच्या रिपोर्टमध्ये लोडबद्दल फारसा वाद नसतो. लोड सेल बिनचूक सांगतो, व्हर्नियरने व्यास तीन ठिकाणी मोजला की क्षेत्रफळ मिळतं. खरा प्रश्न स्ट्रेनचा: यूटीएमचा क्रॉसहेड किती सरकला ते घ्यायचं, की नमुन्यावर चिमटलेल्या एक्स्टेन्सोमीटरचं रीडिंग घ्यायचं?

एक उदाहरण घेऊ. ६०६१-टी६ ॲल्युमिनियमचा नमुना, व्यास १० मिमी, म्हणजे क्षेत्रफळ ७८.५४ चौ. मिमी, गेज लेंग्थ ५० मिमी. लोड ४ वरून १४ किलोन्यूटनवर नेला, की स्ट्रेस १२७.३ मेगापास्कलने वाढतो. तेवढ्यात एक्स्टेन्सोमीटरने ०.०९२ मिमी वाढ दाखवली. स्ट्रेन ०.००१८४, आणि भागाकार केला की इलॅस्टिक मॉड्युलस ६९ गिगापास्कल. ॲल्युमिनियमचा असायला हवा तेवढाच.

त्याच वेळी क्रॉसहेड मात्र ०.५२ मिमी सरकलेला असतो. नमुना ताणला गेला तो त्यातला थोडासाच भाग. बाकी सगळी वाढ मशीनचे खांब, जॉ, पाचरी आणि नमुन्याची जाड टोकं यांची. ०.५२ ला ५० ने भागून स्ट्रेन काढला, तर मॉड्युलस येतो १२ गिगापास्कल. फसवणूक अशी, की रेघ अगदी सरळ दिसते आणि R² ०.९९९ येतो. R² फक्त बिंदू रेघेवर आहेत एवढंच सांगतो. स्ट्रेन नमुन्याचा आहे की मशीनचा, हे त्याला कळत नाही.

यील्ड स्ट्रेंग्थचं गणित वेगळं आहे. ॲल्युमिनियमला ठळक यील्ड पॉइंट नसतो, म्हणून ०.२ टक्के ऑफसेट पद्धत: सरळ भागाला समांतर रेघ ०.००२ स्ट्रेनपासून काढायची आणि ती आलेखाला जिथे छेदेल तो स्ट्रेस वाचायचा. मशीनची लवचिकता आलेख आणि समांतर रेघ दोघांनाही सारखीच उजवीकडे ढकलते. त्यामुळे क्रॉसहेडच्या आलेखावरही, *त्याच आलेखाचा उतार* वापरला, तर यील्ड एक्स्टेन्सोमीटरच्या उत्तराच्या जवळपास येतं. पकड घसरलेली नसावी, एवढी अट.

घोटाळा होतो तो दोन्ही मिसळले की. मॉड्युलस १२ आला म्हणून पुस्तकातला ६९ घेऊन ऑफसेटची रेघ क्रॉसहेडच्या आलेखावर मारली, तर ती इतकी उभी असते की सुरुवातीलाच आलेखाला कापते. या उदाहरणात यील्ड येतं सुमारे ३० मेगापास्कल. या मिश्रधातूचं ठरलेलं मूल्य २७६ च्या आसपास आहे. असा आकडा दिसला की धातूवर शंका घेण्याआधी रेघेचा उतार तपासा.

एक्सेलमध्ये स्कॅटर चार्टच घ्या. लाइन चार्ट स्ट्रेनच्या किमतींना नुसती लेबलं समजून सारख्या अंतरावर मांडतो. उतारासाठी सरळ भागाच्याच ओळी निवडा (आधी स्ट्रेस, मग स्ट्रेन):

```
=SLOPE(D12:D62,C12:C62)/1000
```

स्ट्रेस मेगापास्कलमध्ये असेल तर उत्तर गिगापास्कलमध्ये येतं. सुरुवातीचा वाकडा भाग जॉ बसण्याचा आणि ढिलाई जाण्याचा असतो, तो वगळा. सरळ रेघ मागे वाढवून ती जिथे स्ट्रेनच्या अक्षाला मिळते तिथे शून्य धरा, आणि ०.००२ तिथून मोजा.

एक्स्टेन्सोमीटरलाही मर्यादा आहेत. डायल गेजचा लीस्ट काउंट ०.०१ मिमी असेल तर वरची ०.०९२ मिमी वाढ म्हणजे जेमतेम नऊ घरं; अर्ध्या घराची चूक मॉड्युलस पाच टक्क्यांहून जास्त हलवते. ०.००१ मिमीचा असेल तरच मॉड्युलस विश्वासाने लिहा. धार घसरली तर लोड तसाच वाढत असताना स्ट्रेनमध्ये अचानक पायरी दिसते. नमुना वाकडा पकडला गेला असेल तर एकाच बाजूचं उपकरण कमी किंवा जास्त दाखवतं. दोन बाजूंची सरासरी घेतली की हा दोष जातो. आणि तुटण्याआधी, यील्ड पार झाल्यावर, ते काढून घ्यावं लागतं. पुढचा आलेख क्रॉसहेडवरूनच येतो, तेव्हा कुठे काढलं ते आलेखावर खूण करून लिहा.

माइल्ड स्टील असेल तर यील्डसाठी ऑफसेट कशाला? लोड चढतो, झपकन खाली येतो आणि थोडा वेळ तिथेच डगमगतो. वरचं आणि खालचं यील्ड थेट लोडवरून मिळतं. क्रॉसहेडचं रीडिंग तिथे पुरतं. वरचं यील्ड टेस्टच्या वेगाने आणि नमुन्याच्या पकडीने बदलतं, म्हणून कोणतं दिलंय ते नाव घालून लिहा.

म्हणून मॉड्युलस मागितला असेल तर एक्स्टेन्सोमीटरशिवाय टेस्ट लावू नका. टेस्ट आधीच होऊन गेली असेल आणि हातात क्रॉसहेडचाच डेटा असेल, तर यील्ड आणि अल्टिमेट स्ट्रेंग्थ द्या, आडव्या अक्षाला ‘क्रॉसहेड विस्थापन भागिले गेज लेंग्थ’ असं नाव द्या, आणि मॉड्युलसच्या रकान्यात १२ लिहिण्याऐवजी ‘या डेटावरून काढता येत नाही’ असं कारणासह लिहा.