प्लास्टिकचे पत्ते, रमीचं टेबल आणि पाठीवरच्या खुणा: पावसाळाभर वापरल्यानंतरचा अनुभव

कोल्हापुरात आमच्या क्लबात आधी कागदी, वरून कोटिंग असलेले कॅट वापरायचो. जूनच्या आधी प्लास्टिकचे घेतले आणि पावसाळा संपून थंडी पडेपर्यंत तेच वापरले. पत्ते किती मऊ, किती गुळगुळीत हे दुकानदारही सांगेल. मला लिहायचंय ते वेगळं आहे: वापरलेल्या पानाची पाठ बघून ते कोणतं पान आहे हे ओळखता येतं का, आणि ते खेळ सुरू व्हायच्या आधी कसं तपासायचं.

आमच्याकडे पैसे लावत नाहीत, वर्षभराच्या गुणांवर स्पर्धा असते. तरी रमीत बंद गड्डीतलं वरचं पान जोकर आहे एवढं जरी एकाला कळलं, तरी उघडं पान उचलायचं की बंद, हा निर्णय त्याच्यासाठी सोपा होऊन बसतो.

मी आधी कडा बघतो. दोन्ही कॅट आणि दोन जोकर अशी १०६ पानं टेबलावर ठोकून सारखी करायची आणि चारही बाजूंनी डोळ्यासमोर आडवी धरायची. वापरलेल्या पत्त्यांची कड थोडी मळकट होते, ते चालतं. सगळीकडे सारखी मळलेली हवी, एवढंच. आमच्या कागदी कॅटमध्ये मळकट कडेत दोन पांढऱ्या रेघा स्पष्ट दिसत होत्या. पानं काढून उलटली तर दोन्ही जोकर! कुणी काही केलं नव्हतं. बुधवारी तेच कॅट ब्रिजला जायचे, आणि ब्रिजमध्ये जोकर लागत नाहीत, म्हणून ते डबीत पडून राहायचे. बावन्न पानं हाताळून काळवंडली, जोकर कोरे राहिले. रमीच्या दिवशी गड्डी टेबलाच्या मध्यावर ठेवली की जोकर किती खाली आहे हे समोर बसलेल्याला दिसायचं. हरवलेल्या जोकरच्या जागी दुसऱ्या कॅटमधला जोकर घातला तरी हेच होतं. तेव्हापासून रमीचे कॅट वेगळे आणि ब्रिजचे वेगळे. दोन कॅट एकाच दिवशी फोडायचे आणि एकत्रच वापरायचे. एक जुना आणि एक नवा असेल तर पान कोणत्या कॅटमधलं ते कळतं. माझ्या हातात नव्या कॅटमधली बदाम आठ्ठी असेल, तर गड्डीवरचं नवं पान बदाम आठ्ठी नाही, हे मला न बघता समजलं.

कडेनंतर पाठ. कॅट एका टोकाला धरायचा, पाठी आपल्याकडे, आणि अंगठ्याने दुसऱ्या टोकाची पानं भराभर सोडायची. नक्षी डोळ्यासमोर स्थिर राहिली पाहिजे. एखादं पान वेगळं असेल तर त्या जागी नक्षी हलल्यासारखी वाटते. मग कॅट उलटा धरून दुसऱ्या टोकानेही हेच करायचं, कारण पहिल्या वेळी बोटांखाली झाकलेला भाग बघायचा राहतो. ट्यूबलाइट डोक्यावर असेल तर बारीक ओरखडे दिसत नाहीत. खिडकीजवळ जाऊन पान तिरपं धरलं की नखाची खाच, मोड आणि तेलाचा डाग चमकतो. आमच्याकडे डाग बहुतेक भडंगाचेच. कागदी पत्त्यावर तो मुरतो आणि जात नाही. प्लास्टिकवरचा ओल्या फडक्याने निघतो, आणि मला हे पत्ते आवडायचं मोठं कारण तेच आहे.

आता मुख्य प्रश्न: खूण मुद्दाम केलेली आहे की वापराने झालेली? आमच्या क्लबातले एक काका त्यासाठी एक पद्धत वापरतात आणि मला ती सगळ्यात भरवशाची वाटते. पान उलटून बघायचं नाही. फक्त पाठ बघून, बोट फिरवून, जी पानं वेगळी वाटतात ती बाजूला काढायची. पूर्ण कॅट संपल्यावरच ती उलटायची.

एकदा मी विचारलं, "काका, काढतानाच बघितलं तर काय होतं?"

"एकदा राजा दिसला की पुढे सगळ्या राजांवर तुला डाग दिसायला लागतात. आधी काढ, मग बघ."

त्या दिवशी जुन्या कागदी कॅटमधून बारा पानं निघाली. उलटल्यावर त्यात पंज्या, छक्क्या, सत्त्या, अठ्ठ्या जास्त, चारही रंगांच्या, आणि एकच राजा. रमी खेळणाऱ्याला हे पटेल. सत्ती तीन पानांच्या तीन वेगवेगळ्या क्रमांत बसते: पाच-सहा-सात, सहा-सात-आठ, सात-आठ-नऊ. शिवाय हातात अडकली तरी सातच गुण जातात. राजा दहा गुणांचा, जुळला नाही की लवकर टाकतात. म्हणून मधली पानं हातात जास्त वेळ राहतात, चिमटीत दाबली जातात आणि त्यांचे कोपरे आधी सैल पडतात. ही झीज आहे.

मुद्दाम केलेल्या खुणेचं रूप वेगळं असतं. वापराची झीज पसरट आणि अनियमित असते, एका पानावर जास्त, दुसऱ्यावर कमी. पिसताना पानं फिरतात, म्हणून ती दोन्ही टोकांना येते, पण तंतोतंत सारखी कधीच नसते. खूण करणाऱ्याला पान कोणत्याही बाजूने आलं तरी ओळखायचं असतं. म्हणून तो तिरक्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांजवळ सारख्याच अंतरावर, सारख्याच खोलीची खाच करतो. चार पानांवर अशा जुळ्या खाचा दिसल्या आणि चारही पानं एक्के किंवा जोकर निघाले, तर तो कॅट बाजूला ठेवा. माणसावर आरोप मात्र लगेच करू नका. खाच आहे एवढं पत्ते सांगतात, कुणी केली ते सांगत नाहीत.

आणि झीज निष्पाप असली तरी त्या बारा पानांचा कॅट आम्ही रमीतून काढलाच. पाठ बघून मधलं पान ओळखू येत असेल, तर ते कसं झालं याला महत्त्व नाही.

नवा कोरा कॅटही तपासावा लागतो. पाठीची नक्षी कडेपर्यंत असेल आणि कापताना ती मध्यावर नसेल, तर डावी आणि उजवी कड वेगळी दिसते. २०१२ मध्ये लंडनच्या क्रॉकफर्ड्स कॅसिनोत फिल आयव्ही या अमेरिकन पोकर खेळाडूने याच फरकाचा उपयोग केला. हवी ती पानं डीलरकडून उलट फिरवून घेतली आणि पुढे कडेवरून ओळखली. २०१७ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ती फसवणूकच ठरवली. म्हणून मी चारही बाजूंना पांढरी किनार असलेली पाठ घेतो, आणि पिसताना अर्धी गड्डी फिरवून घालायला सांगतो.

प्लास्टिकच्या पत्त्यांची तक्रारही आहे. सुरुवातीला फार घसरतात, वयस्कर सभासदांना वाटताना त्रास झाला. जोरात दुमडलेल्या पानावर पांढरट रेघ येते आणि ती जात नाही, तेव्हा एक पान गेलं की अख्खा कॅट गेला. एक सुटं पान बदलून आणलं, तर ते जोकरसारखंच कोरं दिसणार. उन्हात गाडीत ठेवलेला एक कॅट वाकला तो वाकलाच. पण पावसाळ्यात कागदी पत्ते दमट होऊन एकमेकांना चिकटायचे, कोपऱ्याचा थर सुटून आतला कागद दिसायचा आणि त्यात मळ बसायचा, तसं इथे काही झालं नाही. महिन्यातून एकदा कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून सगळी पानं धुतो, मऊ कपड्याने पुसून पसरून वाळवतो. धुताना जोकर राहिलेले नाहीत ना, हे मोजून बघतो: १०६.