कनेक्टेड कारचं अ‍ॅप: काही महिने वापरल्यावर काय कळलं (टायरच्या हवेवर जरा जास्तच लिहिलंय)

गाडी घेतली तेव्हा सेल्समन म्हणाला, आता डॅशबोर्डकडे बघायची गरजच नाही, सगळं मोबाईलवर येतं. बरेच महिने वापरून सांगतो, अ‍ॅप कामाचं आहे पण ते गाडी आत्ता कशी आहे हे सांगत नाही, गाडीने शेवटचं जे कळवलं ते दाखवतं. हा फरक सगळ्यात जास्त टायरच्या हवेत कळतो.

माझ्या गाडीत प्रत्येक चाकाच्या आत प्रेशर सेन्सर आहे. त्याला स्वतःचा छोटा सेल असतो आणि तो वर्षानुवर्षं टिकायला हवा, म्हणून गाडी उभी असताना असले बहुतेक सेन्सर झोपलेले असतात, चाक फिरायला लागलं की जागे होऊन आकडा पाठवतात. त्यामुळे रात्रभर उभ्या गाडीची हवा हळूहळू गेली तर सकाळी अ‍ॅप कालचाच आकडा दाखवणार, तोही हिरव्या रंगात! आकड्याखाली बारीक अक्षरात शेवटच्या अपडेटची वेळ असते, ती आधी बघायची.

आमच्याकडे झालेलं सांगतो. कंपनीने सांगितलेलं प्रेशर ३३ पीएसआय, म्हणजे गाडी काही तास उभी राहून टायर थंड झाल्यावरचं. संध्याकाळी लांबून आल्यावर अ‍ॅपवर तीन चाकं ३६ आणि मागचं डावं ३३. अ‍ॅप गप्प, कारण ३३ म्हणजे त्याच्या हिशोबाने एकदम बरोबर. पण गाडी पळून टायर तापला की हवा तीनेक पीएसआय वाढतेच, मग बाकीचे ३६ वर असताना हा एकटा ३३ म्हणजे थंड झाल्यावर तो ३० वर येणार, म्हणजे कुठेतरी गळतंय. सकाळी गाडी काढायच्या आधी साध्या गेजने मोजलं तर २६. अ‍ॅप अजूनही ३३ च म्हणत होतं आणि डॅशबोर्डवरही दिवा नव्हता, कारण दिवा साधारण २५ टक्के हवा कमी झाल्यावर लागतो, म्हणजे इथे पंचवीसच्या आसपास. टायरवाल्याने पाण्यात धरलं तर व्हॉल्व्हमधून बुडबुडे. तेव्हापासून मी आकडा किती यापेक्षा चारही चाकं एकमेकांच्या जवळ आहेत का तेच बघतो, आणि त्यासाठी अ‍ॅप दिव्यापेक्षा नक्कीच भारी, कारण आमच्या डॅशबोर्डवर नुसता दिवा आहे, कुठलं चाक ते तो सांगत नाही. (काही गाड्यांत चाकात सेन्सरच नसतो, एबीएसवरून चाकाच्या फिरण्याचा वेग बघून अंदाज लावतात, तिथे अ‍ॅपवर पीएसआय दिसणारच नाही, शोधत बसू नका.)

तोच टायरचा दिवा गाडी चालू केल्यावर मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला तर तो हवेचा नाही, सिस्टीममधल्या बिघाडाचा, बऱ्याचदा एखाद्या सेन्सरचा सेल संपलेला असतो. आमच्या अ‍ॅपवर अशा वेळी त्या चाकापुढे नुसती रेघ येते, बस.

इंजिनच्या दिव्याचं तर अजून वेगळं. तो पिवळा दिवा स्थिर असेल तर साधारणपणे गाडी सावकाश चालवत गॅरेजला नेता येते, पण पेट्रोल गाडीत लुकलुकत असेल तर इंजिन जोरात मिसफायर करतंय, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जळू शकतो, तेव्हा अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा आणि बाजूला घ्यायची. आमच्या अ‍ॅपवर दोन्हीला एकच मेसेज, इंजिन तपासून घ्या. ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागला तर लगेच इंजिन बंद करायचं असतं, तिथे मेसेज गाडीतल्या सिममधून कंपनीच्या सर्व्हरवर आणि तिथून तुमच्या फोनवर येईपर्यंत कोण थांबणार? आणि चालवताना फोन बघायचाच नसतो. डॅशबोर्डला नेटवर्क लागत नाही हो.

अजून एक म्हणजे बारा व्होल्टची बॅटरी. गाडी बरेच दिवस उभी राहिली की अ‍ॅपशी बोलणारं युनिट बॅटरी वाचवायला झोपतं, आणि बॅटरी पूर्ण उतरली तर ती उतरली हे कळवायलाही करंट उरत नाही. अ‍ॅपवर फक्त 'कनेक्ट होऊ शकत नाही' येतं, जे तळघरातल्या पार्किंगमध्ये रेंज नसली तरी येतं. त्यामुळे रेंज असलेल्या जागेत उभ्या गाडीचं असं वारंवार व्हायला लागलं तर मी आधी बॅटरी मोजून घेतो, सर्व्हिस सेंटरला फोन नंतर.

बाकी दार उघडं राहिलं, काच खाली राहिली, अलार्म वाजला, घरचं कोणी गाडी घेऊन गेलंय आणि दिवा लागलाय, यासाठी अ‍ॅपला तोड नाही, कारण तेव्हा डॅशबोर्डसमोर आपण नसतोच. फक्त फोनच्या बॅटरी सेव्हरमधून अ‍ॅप वगळा, नाहीतर अलार्मचा मेसेज तुम्ही अ‍ॅप उघडाल तेव्हा येतो.