नऊ महिन्यांनी: ४० लिटरची केबिन ट्रॉली, चांगलं कापड आणि तिचा रनर

मार्चमध्ये अर्धा तारा दिला होता, तो मागे घेऊन पुन्हा लिहिते आहे. बॅग तीच, ५५ सेंटिमीटरची कापडी ट्रॉली, ३२०० रुपयांची. रंग, चाकं, हँडल याबद्दल बाकीच्यांनी भरपूर लिहिलंय. मला चेनबद्दल सांगायचं आहे.

मुलगी हैदराबादला असते. अमळनेरहून जळगावला जायचं आणि तिथून विमान. होळीनंतर निघाले तेव्हा बॅगेत शेव, उडदाचे पापड, कळण्याचं पीठ आणि नातवाचे कपडे. जळगाव विमानतळाच्या दारात चेन लावली, रनर शेवटापर्यंत गेला आणि मागे वळून पाहते तर दात उघडे. पुन्हा लावली, पुन्हा उघडी. शेवटी ओढणीने बॅग बांधून नेली. ती बांधलेली बॅग बघून काउंटरवरची मुलगी काही बोलली नाही, पण मला फार वाईट वाटलं.

कंपनीच्या सेवा केंद्राने फोटो मागवले, आठ दिवस घेतले आणि चेन म्हणजे वापराने होणारी झीज, वॉरंटीत बसत नाही, असं कळवलं. पूर्ण चेन बदलायचे ९५० रुपये, वर कुरिअर माझ्या खर्चाने. ३२०० च्या बॅगेला सहा महिन्यांत ९५०! मी पहिला रिव्ह्यू त्याच रात्री लिहिला.

मग धुळ्याला बहिणीकडे गेले असता बॅग दुरुस्त करणाऱ्या एका दादांना दाखवली. त्यांनी रनर दोनदा मागेपुढे केला आणि म्हणाले, "ताई, चेनना दात चांगला शेतस. रनर घसाई गया."

त्यांनी ओळखायची रीत समजावली, ती सगळ्यांच्या उपयोगाची आहे. चेन दरवेळी एकाच जागी फाकत असेल तर तिथले दात खराब आहेत, मग चेनच बदलावी लागते. पण रनर जिथे नेला तिथे त्याच्या मागे उघडत गेली, तर दोष रनरचा. रनर दोन्ही बाजूंचे दात एकमेकांत दाबतो. त्याच्या कडा धुळीने आणि ओढाताणीने फाकल्या की दाब कमी पडतो. आपल्याकडच्या काळ्या मातीची बारीक धूळ दातांत बसली की रनर घासतच राहतो. मी वर खोबरेल तेल लावत होते, त्यावर धूळ आणखी चिकटत होती. आता फक्त कोरडा ब्रश फिरवते आणि मेणबत्ती घासते.

रनरच्या पाठीवर आकडा कोरलेला असतो, माझ्या रनरवर ८ होता. त्याच आकड्याचा आणि त्याच प्रकारच्या दातांचा रनर लागतो. ५ चा लावला तर बसतच नाही. दादांनी टोकाची शिलाई थोडी उसवली, जुने रनर काढले, नवे दोन चढवले आणि टोक पुन्हा शिवलं. दोन रनरचे ८० रुपये. पक्कडीने जुना रनर दाबूनही चालतो, पण तेवढ्यापुरता, आणि जोर जास्त लागला तर तो तडकतो.

आता मापाचं. पट्टीवर ४० लिटर लिहिलंय. आतून टेपने मोजलं तर ४८ बाय ३३ बाय २१, म्हणजे साधारण ३३ लिटर. बाकीचे लिटर पुढचा खिसा आणि फुगवायची चेन धरून होतात. ती चेन उघडली की जाडी २३ वरून २७ होते आणि केबिन बॅगेच्या २५ सेंटिमीटरच्या मर्यादेच्या बाहेर जाते. विमानासाठी ती उघडूच नका. शिवाय फुगलेल्या बॅगेला मुख्य चेन ओढून लावायला लागली की रनरवरच ताण येतो. माझी तशीच गेली, हे आता कळतंय.

मर्यादाही सगळीकडे सारखी नाही. कुठे ५५ बाय ३५ बाय २५, कुठे ५५ बाय ४० बाय २०. दोन्हींची बेरीज ११५ असली तरी २३ जाडीची ही बॅग दुसऱ्या मापात बसत नाही. तिकीट काढताना त्या कंपनीचं माप बघा. चाकं धरून मोजा, माझी ५६ भरते. आणि केबिन बॅगेच्या सात किलोच्या मर्यादेत बॅगच २.६ किलोची आहे, तेव्हा पीठ-पापडाला साडेचार किलोही उरत नाहीत. पंख्याच्या लहान विमानात वरचा कप्पाही छोटा, तिथे माझी बॅग बसली नाही, जिन्यापाशी ठेवून घेतली.

कापड मात्र खरंच चांगलं निघालं. एसटीच्या टपावरून दोनदा आली, कोपऱ्यांना खरचटलंय, धागा निघालेला नाही. म्हणून आता साडेतीन तारे. परवा पुन्हा निघते आहे, पापड यावेळी कमी घेतलेत आणि एक जादा ८ नंबरचा रनर आतल्या खिशात ठेवलाय.