आठ माणसांची, तेरा माणसांची की खोल केबिनची लिफ्ट?

पुनर्विकासाच्या नकाशावर बहुतेक वेळा लिफ्टची माणसं आणि वेग एवढंच लिहिलेलं असतं. आजारी माणूस आडवा न्यायचा असेल, तर केबिनची खोली आणि दाराची मोकळी रुंदी विचारा. हिशोबाला अँब्युलन्सचं साधारण १९५० मिमी लांब, ५६० मिमी रुंद स्ट्रेचर धरू.

आठ माणसांची (५४४ किलो) प्रचलित केबिन १३०० रुंद आणि ११०० खोल असते, दार ८०० चं. तिचा कर्णच जेमतेम १७०० भरतो. आडवं स्ट्रेचर विसराच. रुग्णाला खुर्चीत बसवून न्यावं लागतं, आणि मणक्याला मार असेल तर तेही करता येत नाही. बिल्डर 'फायर लिफ्ट आहे' म्हणाला तरी निश्चिंत होऊ नका. त्या लिफ्टची किमान क्षमताही आठच माणसांची, म्हणजे साधारण एवढ्याच केबिनची असते.

खरी फसगत तेरा माणसांच्या (८८४ किलो) लिफ्टमध्ये होते. केबिन २००० रुंद आणि ११०० खोल, म्हणून स्ट्रेचर आडवं मावेल असं वाटतं. मावतंही, पण आत जात नाही. ९०० चं दार मधोमध असलं की दोन्ही बाजूंना ५५० ची भिंत उरते. स्ट्रेचरचं डोकं डाव्या कोपऱ्यात टेकवलं, तरी शेपूट उजव्या चौकटीच्या आत यायला हवं, म्हणजे डाव्या भिंतीपासून १४५० च्या आत. १४५० आणि ११०० चा कर्ण १८२० येतो. रुंदी शून्य धरली तरी १३० मिमी कमी पडतात.

११०० रुंद, २१०० खोल आणि ९०० दाराची १००० किलोची केबिन घ्या. क्षेत्रफळ जवळपास तेवढंच, पण स्ट्रेचर सरळ आत जातं, १५० मिमी शिल्लक राहतात आणि बाजूला एक जण उभा राहू शकतो. माझं मत हिच्याच बाजूने आहे. लिफ्ट ज्यात वरखाली जाते तो डक्ट अरुंद आणि खोल लागतो, अंदाजे १६५० बाय २६००, म्हणून नकाशा मंजुरीला जाण्याआधीच हे ठरवा. दार टेलिस्कोपिक, म्हणजे एकाच बाजूला सरकणारं मागा. मधून उघडणाऱ्या ९०० च्या दाराला डक्ट बराच रुंद लागतो. दारासमोरही स्ट्रेचर सरळ करायला दोन मीटरच्या वर मोकळी जागा हवी. लॉबी दीड मीटरची असेल, तर खोल केबिन घेऊनही उपयोग नाही.

फर्निचरचंही असंच. साडेसहा फुटी (१९८० मिमी) सोफा खोल केबिनमध्ये आडवाच जातो. आठ माणसांच्या लिफ्टमध्ये तो उभा करावा लागतो. दाराची उंची २००० असेल तर वर २० मिमी उरतात, आणि सोफा ८०० उंच असेल तर दारात बोटभरही जागा राहत नाही. ८ बाय ४ फुटी प्लायवूड मात्र तिन्हींपैकी एकीतही सरळ जात नाही. ते जिन्यानेच न्या, नाहीतर खालीच कापून घ्या.

लिफ्ट बसल्यावर हँडरेल आणि आरसा लावलेल्या अवस्थेत टेपने मोजा. हँडरेल पन्नास-साठ मिमी खाते, आणि मागच्या भिंतीवर असेल तर तेवढं माप केबिनच्या खोलीतूनच वजा होतं. करारात 'फिनिश झाल्यानंतरची आतली मापं' असं लिहून घ्या.