१४ महिने, १९ हजार किमी: डॅशबोर्ड गप्प, ॲप म्हणतं बॅटरी ९४%, मग खरं काय?

गाडी इलेक्ट्रिक, ४० युनिटच्या एलएफपी म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीची आहे. वापर रोजचा, चार्जिंग बहुतेक घरीच स्लो चार्जरवर, फास्ट चार्जर महिन्यातून दोनतीनदा. गाडी कशी चालते वगैरे लिहीत नाही, त्यावर भरपूर लिहिलं गेलंय. मला ज्या गोष्टीने दोन महिने झोप लागू दिली नाही तेवढंच सांगतो.

आठव्या महिन्यात मी गाडीच्या पोर्टला लावून आतले आकडे मोबाईलवर दाखवणारा ओबीडी डोंगल घेतला (तिथेच चूक झाली म्हणायची, अज्ञानात सुख होतं). ॲपमध्ये एसओएच, म्हणजे नवीन असतानाच्या तुलनेत बॅटरीची किती टक्के क्षमता उरली तो आकडा, दिसला ९८.४. छान. त्यानंतर कुठेतरी वाचलं की बॅटरी ३० ते ८० मध्येच ठेवावी, म्हणून दोन महिने काटेकोरपणे तसंच केलं, एकदाही फुल्ल चार्ज नाही. आणि दहाव्या महिन्यात बघतो तर एसओएच ९४.१! त्यात फुल्ल चार्जवरची रेंज पूर्वी ३१० दिसायची ती आता हिशोबाने २६२ च्या आसपास येत होती. डॅशबोर्डवर मात्र एकही दिवा नाही, काही नाही.

आधी रेंजचं सांगतो कारण ते सोपं आहे. रेंजचा आकडा म्हणजे बॅटरीत शिल्लक युनिट गुणिले तुमचं अलीकडचं ॲव्हरेज. त्या दोन महिन्यांत माझं हायवे वाढलेलं आणि थंडीही होती, ॲव्हरेज युनिटला ७.७ वरून ६.७ किमीवर आलेलं. ४० ला ७.७ ने गुणलं की ३०८ आणि ६.७ ने गुणलं की २६८. म्हणजे जवळजवळ सगळी घट ॲव्हरेजनेच खाल्ली, बॅटरीच्या नावावर उरतात जेमतेम पाचसहा किमी. रेंज बघून बॅटरीची तब्येत ठरवू नका.

आता एसओएच. हा आकडा कोणी मोजत नाही, बीएमएस म्हणजे बॅटरी सांभाळणारं गाडीतलं सर्किट अंदाज बांधतं. आत-बाहेर जाणारा करंट मोजत राहतं आणि अधूनमधून सेलचा व्होल्टेज बघून स्वतःचा हिशोब जुळवून घेतं. एलएफपीची गोची अशी की साधारण ३० ते ९० टक्क्यांमध्ये सेलचा व्होल्टेज जवळजवळ हलतच नाही, ०.१ व्होल्टच्या आतबाहेर सगळा खेळ. मग बीएमएसला व्होल्टेजवरून कळणार काय, कप्पाळ! टोकाला गेल्यावरच, म्हणजे पूर्ण भरल्यावर किंवा बऱ्यापैकी रिकामी झाल्यावर व्होल्टेज वळतो आणि त्याला पकड मिळते. मी दोन महिने टोकाला जाऊच दिलं नाही, करंट सेन्सरची बारीक चूक रोज साचत गेली आणि तीच एसओएचमध्ये उतरली. एनएमसी या दुसऱ्या प्रकारच्या लिथियम बॅटरीत व्होल्टेज सरळ उतरत जातो म्हणून तिथे हा त्रास बराच कमी.

मग एका रविवारी नीट टेस्ट केली. रात्री स्लो चार्जरवर १०० केली, चार्जिंग थांबल्यावरही प्लग तसाच ठेवला म्हणजे बॅलन्सिंग होऊ दे, सगळे सेल सारखे भरू देत. सकाळी ॲपमधले दोन आकडे लिहून घेतले, आतापर्यंत बॅटरीतून बाहेर गेलेले एकूण युनिट आणि आत आलेले एकूण युनिट. मग एसी बंद ठेवून एकसारख्या वेगाने ८% पर्यंत चालवली आणि परत आकडे घेतले. बाहेर गेले ३९.६, ब्रेकिंगमधून परत आले ३.९ (हे वजा करायला लोक विसरतात आणि मग खूश होतात), निव्वळ ३५.७ युनिट. उतरले ९२ टक्के, म्हणून ३५.७ भागिले ०.९२ म्हणजे ३८.८ युनिट. ४० च्या ९७%.

आता हा ९७ पण दगडावरची रेघ नाही. शेवटचे ते ८% खरे ६ किंवा १० असू शकतात, तसं धरलं तर उत्तर ९५ ते ९९ मध्ये कुठेही येतं. थंडीत केली तर आणखी कमी येईल. म्हणून एकाच टेस्टवर उड्या मारायच्या नाहीत, तशाच हवेत, त्याच पद्धतीने सहा महिन्यांनी परत करायची आणि दोन उत्तरांची तुलना करायची. गाडी नवी असताना मी केली नाही याचा पश्चात्ताप होतो. सॉकेटला मीटर लावून युनिट मोजता येतात पण त्यात चार्जिंगमधला लॉस पण धरला जातो, त्यामुळे बॅटरी उगाच मोठी दिसते.

पुढे आठवड्यातून एकदा १०० करायला लागलो, चौथ्या वेळी ॲप ९६.६ वर आलं आणि तिथेच थांबलंय. काहीही दुरुस्त न करता.

आता उलटी गोष्ट. माझ्या मित्राकडे हेच मॉडेल, त्याचा एसओएच ९७. त्याला १८% वर चढावर जरा जोरात पाय दिला की डॅशबोर्डवर कासवाचं चिन्ह लागायचं, पॉवर कमी केल्याचा अलर्ट, आणि चार्जिंग केलं की अलर्ट गायब. वर्कशॉपमध्ये दाखवलं तर तोपर्यंत गाडी चार्ज झालेली, स्कॅन क्लीन, "साहेब एसओएच ९७ आहे, काही नाही." तो मला म्हणाला, "तुझं ते डोंगल आण रे एकदा."

२०% वर दोघं बसलो, तो चालवतोय आणि मी सेलचे व्होल्टेज बघतोय. पॅकमध्ये १०४ सेल सिरीजमध्ये. पाय दिला की १०३ सेल ३.१ च्या आसपास आणि एक पठ्ठ्या थेट २.६८! सिरीजमध्ये सगळ्यात अशक्त सेल थांबला की सगळा पॅक थांबतो, आणि बीएमएस त्या एकाला वाचवायला पॉवर कापतं. ८०% वर बघितलं तर फरक ०.००८ व्होल्ट, कोणालाही कळणार नाही. म्हणून फरक बघायचा तो खालच्या टोकाला आणि लोडवर. वर १०० जवळ ०.१ चा फरक दिसला तर एलएफपीत घाबरायचं कारण नाही, बॅलन्स झालं की तो बसतो.

तरी म्हटलं नुसतं इमबॅलन्स असेल, म्हणून त्याला दोनदा १०० करून रात्रभर प्लग लावून ठेवायला सांगितलं. वरचा फरक गेला, खालचा तसाच राहिला. म्हणजे तो सेल कमी भरलेला नव्हता, त्याची कपॅसिटीच कमी झाली होती. २०% वरचे लोडचे स्क्रीनशॉट, तारीख आणि किमीसकट वर्कशॉपला दिले, आणि या वेळी गाडी मुद्दाम १९% वर नेऊन त्यांच्यासमोर चालवली, तेव्हा कुठे मानले. वॉरंटीत तो सेल असलेलं मॉड्यूल, म्हणजे सेलचा तेवढा गठ्ठा, बदललं. हा क्लेम बॅटरीचा एसओएच वॉरंटीतल्या ७०% च्या खाली गेला म्हणून नव्हता, सेल खराब म्हणून होता, हे अर्ज करताना स्पष्ट लिहा नाहीतर तुम्हाला एसओएचच दाखवत बसतील.

मॉड्यूल बदलून तीन आठवडे झाले, कासव गेलं, ९% वर पण गाडी पळते. ॲपमध्ये एसओएच अजून ९७ च आहे.