नवं खातं, चार महिन्यांनंतर: माणसं आली, उत्तरं मागे राहिली

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी माझं अहिराणी शब्दांचं मॅस्टोडॉन खातं जुन्या सर्व्हरवरून नव्यावर हलवलं. आता ऑक्टोबर चालू आहे. जुना सर्व्हर ३१ ऑक्टोबरला बंद होणार, त्यामुळे जे अजून तिकडेच थांबलेत त्यांच्यासाठी हे लिहितोय. शिवाय 'खातं हलवल्यावर नेमकं काय होतं' हे बरेच जण विचारतात, त्यांनाही उपयोग होईल.

सर्व्हरांची खरी नावं लिहीत नाही. जुनं हँडल @ahirshabd@juna.example आणि नवं @ahirshabd@nava.example असं धरून चाला.

जुना सर्व्हर एक गृहस्थ पदरमोड करून चालवत होते. बंद करण्याआधी किमान ३ महिने सूचना द्यावी असं मॅस्टोडॉनच्या सर्व्हर करारात आहे. त्यांनी जवळजवळ ५ महिने दिले. सूचना वाचली तेव्हा मात्र मी चिडलो होतो. ६११ शब्द, त्यातल्या दोनशेवर शब्दांना आईच्या आवाजातला उच्चार, आणि एका सकाळी कळतं की हे दुकान उठणार. तेव्हा त्यांना पाठवलेला संदेश जरा तिखट होता. आज तो तसा लिहिला नसता.

हलवण्याचं काम तसं पंधरा मिनिटांचं, पण क्रम चुकला की अडतं. आधी नव्या खात्यात जायचं. Preferences मधल्या Account पानावर "Moving from a different account" असा भाग आहे. तिथे जुनं हँडल पूर्ण, म्हणजे सर्व्हरच्या नावासकट लिहून Create alias दाबायचं. 'ते जुनं खातं माझंच' असं नवं खातं यातून सांगतं. मग जुन्या खात्यात त्याच पानावर "Move to a different account" मध्ये नवं हँडल आणि जुन्या खात्याचा पासवर्ड टाकून Move followers दाबायचं. मी आधी जुन्या खात्यातून सुरुवात केली आणि त्याने सरळ नकार दिला. ते बरोबरच आहे. नव्या बाजूची कबुली नसेल तर कुणीही कुणाचेही फॉलोअर पळवून नेईल.

बटण दाबायच्या आधी निरोपाची पोस्ट टाका, कारण नंतर जुन्या खात्यातून लिहिता येत नाही. मी आठवड्यात तीनदा टाकली: सकाळी, रात्री आणि रविवारी. एकदा हलवलं की पुढचे ३० दिवस पुन्हा हलवता येत नाही, त्यामुळे नवा सर्व्हर आधी महिनाभर वापरून बघितलेला बरा. मी बघितला होता.

माझे १,१४० फॉलोअर होते. त्यातले बरेच २०२४ च्या फेब्रुवारीत, अमळनेरला ९७ वं साहित्य संमेलन झालं तेव्हा जोडले गेलेले. रात्री दहाला बटण दाबलं, सकाळी जुन्या खात्यावर १९८ उरले होते, आणि नव्यावर फक्त १२. पोटात गोळाच आला. तिकडून नऊशेवर गेले, इकडे पोचले नाहीत, मग कुठे गेले? तासाभराने उलगडलं. नव्या खात्यात "Automatically accept new followers" ही खूण मी फालतू खात्यांच्या त्रासामुळे काढून ठेवली होती. त्यामुळे येणारा प्रत्येक जण विनंतीच्या रांगेत उभा होता. जुन्या खात्याचं फॉलो सुटलेलं, नव्याचं मंजूर नाही, म्हणजे त्या रात्री त्यांच्यापैकी कुणालाच माझं काही दिसत नव्हतं. सगळ्या विनंत्या मंजूर केल्या. दुपारपर्यंत आकडा ९३७ झाला. तुम्ही हलवणार असाल तर ही खूण आधी लावा, आठवडाभराने हवी तर काढा.

मागे राहिलेल्या १९८ मधली बरीच खाती वर्ष-दीड वर्ष गप्प आहेत, किंवा त्यांचे सर्व्हरच बंद पडलेत. काही जण अशा दुसऱ्या सॉफ्टवेअरवर आहेत ज्याला हा 'मूव्ह'चा निरोप कळत नाही. फॉलोअर आपोआप येतात ते दोन्हीकडच्या सर्व्हरांना ही भाषा समजते म्हणून.

तेव्हा वाचणाऱ्यांनी एवढंच करायचं. माझे नवे शब्द रोज दिसत असतील तर काहीच करू नका, तुम्ही आलेले आहात. दिसत नसतील तर जुन्या प्रोफाइलवर जा, वर नव्या खात्याची पट्टी दिसेल, तिच्यावरून नव्या प्रोफाइलवर पोचून फॉलो करा. पट्टी दिसत नसेल तर शोधपट्टीत नवं हँडल पूर्ण टाका. आणि जे आरएसएसवर वाचतात, त्यांना कुणीही हलवत नाही. फीडचा पत्ता हातानेच बदलावा लागतो:

```
https://nava.example/@ahirshabd.rss
```

धुळ्याच्या एका सरांनी ऑगस्टमध्ये फोन करून विचारलं, 'बंद करं का लिखनं?' ते आरएसएसवाले निघाले. दोन महिने त्यांच्याकडे काहीच पोचलं नव्हतं.

आता मागे काय राहतं ते. नाव, फोटो, ओळख आपोआप येत नाही, पुन्हा भरावी लागते. आपण ज्यांना फॉलो करतो ती यादी सीएसव्ही फाइल उतरवून नव्या खात्यात चढवता येते. ते बिनबोभाट झालं. पण पोस्ट येत नाहीत. एकही नाही.

ही गोष्ट मला पहिले दोन महिने सतत खुपत होती. हे आधी माहीत असूनही खुपत होती. पोस्टांची आर्काइव्ह मागवता येते, सात दिवसांतून एकदा. माझी २.३ जीबी भरली. मोबाइल डेटावर दोन रात्री घालून उतरवली, नवीन पॅक मारायला मन होईना. पण ती कोणत्याही मॅस्टोडॉन सर्व्हरवर परत चढवता येत नाही. घरात ठेवायची, बस. तिच्यातली outbox.json नुसती उघडली तर काही कळत नाही. भाच्याने या ओळी लिहून दिल्या:

```python
import json
d = json.load(open("outbox.json", encoding="utf-8"))
for i in d["orderedItems"]:
    if i["type"] == "Create":
        o = i["object"]
        print(o["published"][:10], o["content"])
```

तारीख आणि मजकूर पुढ्यात आला. मधे मधे `<p>` सारख्या खुणा असतात, त्या काढायच्या. आवाजाच्या फाइल्स media_attachments मध्ये शाबूत होत्या, पण नावं म्हणजे नुसती अक्षरा-आकड्यांची भेळ. कुठली 'आंडोर'ची आणि कुठली 'वावर'ची, कसं ओळखणार? इथे एक जुनी सवय कामाला आली. न दिसणाऱ्यांसाठी म्हणून प्रत्येक ध्वनिफितीच्या वर्णनात मी शब्द लिहीत असे. तेच वर्णन outbox.json मध्ये प्रत्येक फाइलच्या पत्त्यासोबत `name` या नावाने निघालं. दोनशे फायली एका संध्याकाळी जुळल्या. आई शेजारी बसून ऐकत होती आणि 'हाऊ मन्हा आवाज शे का?' म्हणून विचारत होती.

म्हणजे माझं लिहिलेलं वाचलं. मग मी नीट बघितलं तेव्हा कळलं की आर्काइव्हमध्ये फक्त माझंच लिहिलेलं आहे. तुमची उत्तरं त्यात नाहीत.

आणि खरा ऐवज तर उत्तरांतच होता. 'आखाजी'च्या पोस्टवर ४१ उत्तरं आहेत. मी लिहिलं होतं की अक्षय्य तृतीयेला सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराई बसवतात. हे कुठेही वाचायला मिळेल. खाली सुरतेला राहणाऱ्या एका ताईंनी झोक्यावर म्हणायच्या ओळी दिल्या, नंदुरबारकडच्या कुणीतरी त्याच ओळी थोड्या वेगळ्या दिल्या, आणि मग दोघींत कुठल्या गावात काय म्हणतात यावर बारा उत्तरं चालली. 'केयी'च्या पोस्टवर रावेरच्या एका शेतकऱ्याने ळ चा य कुठे होतो आणि कुठे नाही ते स्वतःच्या गावाबद्दल लिहिलं. असं मला कुणी शिकवलं नव्हतं.

आधी मी यावरही चिडलो. मग विचार करता करता मत बदललं. ती उत्तरं माझी नव्हतीच. प्रत्येक उत्तर ज्याचं त्याच्या सर्व्हरवर असतं, माझ्या पोस्टखाली फक्त जोडलेलं दिसतं. मी खातं हलवताना तुमचं लिहिलेलं सोबत ओढून नेलं असतं तर ते बरं झालं असतं का? नसतं. पण त्यातून दुसरी अडचण उभी राहते. ४१ पैकी २६ उत्तरं त्याच जुन्या सर्व्हरवरच्या लोकांची आहेत, ती त्याच्याबरोबर जाणार. उरलेली १५ आपापल्या जागी राहतील, पण वरची पोस्ट नसल्यामुळे कशाला दिलेलं उत्तर ते कळणार नाही. आणि सर्व्हर रीतसर बंद केला की तो इतर सर्व्हरांना खाती पुसल्याचा निरोप पाठवतो, त्यामुळे इकडेतिकडे साठलेल्या माझ्या पोस्टांच्या प्रतीही जातात. म्हणून कुणी 'हलवलंस ना, मग जुनं खातं डिलीट कर' असं सांगितलं तर ऐकू नका. डिलीट केलं की तेच आजच होतं, आणि नव्या खात्याकडे बोट दाखवणारी पट्टीही जाते.

यावर सोपा उपाय मला सापडला नाही. जास्त उत्तरांच्या साठेक पोस्ट मी निवडल्या. रोज रात्री जेवण झालं की दोन-तीन उघडतो, अख्खी चर्चा उतरवतो, आणि लिहिणाऱ्याला नव्या खात्यावरून विचारतो की नावासकट ठेवू, नाव काढून ठेवू की ठेवूच नको. आतापर्यंत ४४ पोस्ट झाल्या. दोघांनी नको म्हटलं, त्यांची ओळ काढली. सुरतेच्या ताईंनी होकार देताना आणखी चार ओळी पाठवल्या, ज्या आधी त्यांना आठवल्या नव्हत्या.

स्वतःचं डोमेन घेऊन स्वतःचा सर्व्हर चालवला तर पुन्हा हलायची वेळ येत नाही, हे मला अनेकांनी सुचवलं. दरमहा भाडं, शिवाय अपडेट आणि बॅकअपची जबाबदारी. आईच्या औषधांच्या खर्चात ते बसत नाही. नव्या सर्व्हरला महिन्याला शंभर रुपये देतो, चालवणारे तिघे आहेत, हिशेब दर तिमाहीला लावतात. वेगाचं म्हणाल तर जुन्यावर आवाजाची फाइल चढायला मिनिट लागायचं, इथे लगेच चढते. चार महिन्यांत एकदाही बंद पडला नाही. जुने शब्द आता रोज एक या हिशेबाने पुन्हा टाकतोय, खाली मूळ तारीख लिहून. जुन्या पोस्टमधल्या 'मागचा शब्द पाहा' या दुव्यांना हात लावून उपयोग नाही, ते सगळे जुन्या पत्त्यावर जातात. नव्यात दुवे देणं बंद केलं, फक्त शब्दाचा हॅशटॅग लावतो.

सोळा पोस्ट उरल्यात. त्यात 'कानबाई', 'रोट', 'बठ्ठा' आणि 'कयना' या मोठ्या आहेत. यातल्या कुठल्याही पोस्टखाली तुम्ही लिहिलं असेल तर ३१ तारखेच्या आत नव्या खात्यावर शब्दाचं नाव पाठवा आणि ठेवू की नको ते सांगा. 'कानबाई'ला मी उद्या रात्री बसतोय.