पाण्याचं बिल दुप्पट आलं: गळती, मीटर की वापर?

सांगलीत विश्रामबागला आत्याकडे गेलो तेव्हा तिनं चहाच्या आधी बिल पुढं केलं. दोन महिन्यांचे एरवी 24 युनिट यायचे, या वेळी 51 आले होते. तिचा निकाल ठरलेला होता: "मीटर येडं झालंय." वहिनीचा संशय आपल्याच नव्या वॉशिंग मशीनवर होता. गळतीचं नाव कुणी काढलं नाही, कारण घरात कुठंच ओल दिसत नव्हती.

अशा वेळी पहिल्यांदा बिलच नीट वाचायचं. रीडिंग प्रत्यक्ष घेतलंय की 'सरासरी' लावलीय, आणि दिवस तेवढेच आहेत का. आत्याचं दोन्ही ठीक होतं. मग हिशेब केला. एक युनिट म्हणजे 1000 लिटर. जादाचे 27 युनिट साठ दिवसांत वाटले तर रोजचे 450 लिटर. हा आकडा हातात ठेवायचा, कारण जे कारण सापडेल त्यातून एवढं पाणी निघालं पाहिजे. नाही निघालं तर कारण चुकीचं, किंवा कारणं दोन.

तिन्ही कारणांची चाल वेगळी असते. गळतीला सणवार नसतो. घर बंद ठेवून गावाला गेलात तरी ती तेवढीच चालते. वापर माणसांबरोबर वरखाली होतो, पाहुणे आले की चढतो आणि घर रिकामं झालं की शून्यावर येतो. बिघडलेलं मीटर आलेल्या पाण्याच्या प्रमाणात खोटं बोलतं. पाणी थोडं आलं तर थोडं, जास्त आलं तर जास्त. म्हणून आठवडाभर रोज ठरलेल्या वेळी रीडिंग लिहिलं की निम्मं काम होतं. त्यात एखादा दिवस घर बंद असेल तर फारच उत्तम.

सगळे नळ बंद करून मीटर फिरतंय का बघा, असा सल्ला सगळीकडे मिळतो. चोवीस तास पाणी असलेल्या ठिकाणी तो चालतो. आपल्याकडे ठरावीक वेळी पाणी सुटतं, ते मीटरमधून हौदात पडतं, तिथून मोटरनं वरच्या टाकीत जातं. पाणी नसताना मीटर थांबलेलंच असणार, त्यावरून काहीच कळत नाही. आणि पाणी असताना हौद भरत असतो, म्हणून ते फिरणारच. त्यामुळं गळती दोन तुकड्यांत शोधावी लागते.

पहिला तुकडा मीटर ते हौद. पाणी सुटलेलं असताना हौदातला बॉलकॉक वर उचलून दोरीनं बांधायचा, म्हणजे हौदात पडणारं पाणी बंद. आता मीटरच्या काचेतली छोटी चांदणी बघायची. ती जरा जरी फिरत असेल तर मधली लाईन फुटलीय. आपली काळी माती फसवी. उन्हाळ्यात तिला हातभर भेगा असतात आणि पाणी वर न येता त्यातच जिरतं. मात्र ही लाईन पाणी असतानाच गळते. दोन तासांत 450 लिटर जायचे तर मिनिटाला पावणेचार लिटर निघायला हवेत, तेव्हा चांदणी चांगलीच पळताना दिसते. आत्याकडे ती ढिम्म होती.

दुसरा तुकडा हौदाच्या पुढचा. रात्री दहाला मोटरचं बटण बंद केलं, हौदात आणि वरच्या टाकीत पातळीला खूण केली आणि सगळ्यांना सांगितलं की सहापर्यंत कुणी नळ सोडायचा नाही. सकाळी हौद जागच्या जागी होता. वरची टाकी मात्र 15 सेंटिमीटर उतरली होती. ती एक हजार लिटरची गोल टाकी, आतून 110 सेंटिमीटर रुंद, म्हणजे एका सेंटिमीटरला साडेनऊ लिटर. आठ तासांत 142 लिटर गेले. ताशी अठराएक, दिवसाला 430 च्या आसपास. आपल्या 450 ला हे जवळजवळ जुळलं.

हौद उतरला असता तर तळाची भेग शोधावी लागली असती. हौदाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट बघायचीच. बॉलकॉक पूर्ण बंद होत नसेल आणि जादा पाण्याचा पाइप थेट गटारात सोडलेला असेल, तर पहाटे पाणी वाहून जातं आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

आता मीटर. आत्याची शंका फेकून देण्यासारखी नव्हती, कारण पाणी यायच्या आधी लाईनीतली हवा मीटर फिरवते, हे खरं आहे. आम्ही उभं राहून बघितलं: हौदात नुसतं फुस्स होत होतं आणि मीटरनं 12 लिटर मोजले. रोजचे 12 धरले तरी साठ दिवसांत 720 लिटर, पुरतं एक युनिटही नाही. मग मोटर बंद ठेवून हौद भरू दिला. हौद दोन मीटर बाय दीड मीटर, एका सेंटिमीटरला 30 लिटर. पाणी 20 सेंटिमीटर चढलं, म्हणजे 600 लिटर. मीटर म्हणालं 615. हा फरक फूटपट्टीवर अर्ध्या सेंटिमीटरचा, तेवढी चूक माझ्या डोळ्याचीही असेल. या घरगुती पद्धतीनं दहा-पंधरा टक्क्यांची खोट पकडता येते, दोन-तीन टक्क्यांची नाही. पण बिल दुप्पट व्हायला मीटरनं 600 चे बाराशे दाखवायला हवेत.

तसं बघितलं तर जुनं मीटर बहुधा हळू पडतं. आतलं चक्र झिजतं आणि पाणी कमी मोजलं जातं. जोरात पळायला कारण लागतं: जाळीत किंवा आतल्या भोकांत गाळ अडकला की उरलेल्या वाटेनं पाणी वेगानं चक्रावर आदळतं. 2019 आणि 2021 च्या पुरात ज्यांचं मीटर पाण्याखाली होतं त्यांनी हे तपासून घ्यावं. नवं मीटर बसवल्यावर लगेच बिल वाढलं असेल, तर बहुतेक वेळा जुनं मीटर कमी मोजत होतं, एवढाच त्याचा अर्थ.

वहिनीचं मशीन आठवड्यातून तीनदा चालतं. एका वेळेला शंभर लिटर धरले तरी रोजचे चाळीस-पंचेचाळीस, आणि तेवढे कपडे हातानं धुतानाही पाणी लागतच होतं. वापरानं एवढी उडी घ्यायला घरात भाडेकरू तरी यावे लागतात, किंवा रोज अर्धा तास पाइपनं बाग भिजवावी लागते.

मग टाकीखालचे कॉक एकेक करून बंद केले. वरच्या मजल्याचा बंद केल्यावर पातळी थांबली. वरची खोली दादा पुण्याला गेल्यापासून रिकामीच आहे. तिथल्या संडासाच्या फ्लशटाकीत चिमूटभर कुंकू टाकलं आणि फ्लश न करता अर्धा तास थांबलो. भांड्यात गुलाबी ओघळ दिसला. मिनिटाला फुलपात्रभर पाणी, आवाज नाही, खाली फरशीवर थेंब नाही. टाकीच्या तळाचं रबर कडक होऊन वाकडं बसलं होतं.

इथं निष्कर्ष उलटा निघाला असता, म्हणजे टाकी आणि हौद रात्रभर स्थिर आणि मीटर 600 ला 750 दाखवतंय, तर प्लंबरला बोलवायचं नाही. तारखेसह रीडिंगचे फोटो जोडून मीटर तपासणीचा अर्ज द्यायचा, आणि तपासणीची फी आधी विचारून घ्यायची. दोन्ही ठीक निघाले आणि रोजचं रीडिंग माणसांप्रमाणे हलत असेल, तर अर्जही नको आणि प्लंबरही नको, बिल भरून टाकायचं.

रबर बदललं त्या रात्री पुन्हा खूण केली. सकाळी पाणी खुणेवरच होतं. आत्या मात्र अजून म्हणते, "ते 12 लिटर हवेचे, त्याचं काय?"